मोजता येते तेवढी मेहनत

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या पॉल डेनी यांनी 'पीअरवाइज' नावाची एक ऑनलाइन व्यवस्था उभी केली. तिच्यामागची कल्पना साधी आहे. एरवी प्रश्न शिक्षक काढतात आणि विद्यार्थी सोडवतात. इथे प्रश्नही विद्यार्थ्यांनीच काढायचे. प्रत्येकानं अभ्यासक्रमातल्या एखाद्या भागावर बहुपर्यायी प्रश्न लिहायचा, त्याला चार-पाच पर्याय द्यायचे, बरोबर पर्याय कोणता ते ठरवायचं आणि तो का बरोबर आहे याचं स्पष्टीकरणही लिहायचं. मग वर्गातली बाकीची मुलं तो सोडवतात, प्रश्न कितपत चांगला आहे, किती अवघड आहे याचं मत देतात, चूक दिसली तर खाली लिहितात. सत्र संपेपर्यंत वर्गाची स्वतःची एक मोठी प्रश्नपेढी तयार होते.

डेनींनी एका मोठ्या वर्गावर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. एक हजाराहून अधिक विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. दोन्ही गट तीच व्यवस्था वापरत होते, तेच प्रश्न पाहत होते. फरक एवढाच की एका गटाला पडद्यावर बॅज दिसत. ठरावीक संख्येनं उत्तरं दिली की एक बॅज, सलग काही दिवस परत आलात की दुसरा, तुमचा प्रश्न इतरांना आवडला की तिसरा. या बॅजना परीक्षेत कसलंही मोल नव्हतं. दुसऱ्या गटाला त्यांचा पत्ताही नव्हता.

बॅज दिसणाऱ्या गटानं लक्षणीयरीत्या जास्त प्रश्न सोडवले आणि ही मुलं जास्त दिवस व्यवस्थेकडे परत येत राहिली. उत्तरांचा दर्जाही घसरला नाही. 'बॅजनं काय होतंय' म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. काहीतरी होतं, आणि ते मोजून दाखवता येतं. पण त्याच निबंधात दुसरा एक निष्कर्ष आहे आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रश्नांची संख्या मात्र वाढली नाही. प्रश्न लिहिण्यासाठीही बॅज होते, तरी नाही.

प्रश्न सोडवायला अर्धं मिनिट लागतं. प्रश्न काढायला बसलं की अर्धा तास जातो. चांगला चुकीचा पर्याय सुचण्यासाठी मुळात विद्यार्थी कुठे चुकतात हे ठाऊक असावं लागतं, आणि त्यासाठी तो धडा स्वतःला नीट कळलेला असावा लागतो. ज्यांनी कधी वर्गासाठी प्रश्नपत्रिका काढली आहे त्यांना हे सांगायला नको. बॅजच्या ओढीनं माणूस आणखी अर्धं मिनिट बसतो. आणखी अर्धा तास डोकं चालवायला ती ओढ पुरत नाही. ऑनलाइन शिक्षणातल्या गेमिफिकेशनचा, म्हणजे पॉइंट, बॅज, लेव्हल, स्ट्रीक आणि लीडरबोर्ड यांच्या सगळ्या मांडणीचा, पल्ला या एका प्रयोगात दिसतो. जे काम स्वस्त आणि मोजण्याजोगं आहे ते ती वाढवते. जे महाग आहे त्याच्यापाशी ती थांबते.

हे कशामुळे होतं ते यंत्राच्या बाजूनं पाहिलं तर लवकर उमगतं. अनेक महाविद्यालयांत 'मूडल' वापरतात. त्यात अभ्यासक्रमाला पॉइंट आणि लेव्हल जोडणारी प्लगइन मिळतात. यंत्राला विद्यार्थी दिसत नाही, त्याची क्रिया दिसते. पान उघडलं, फाइल उतरवली, चर्चेत काही लिहिलं, चाचणी सबमिट केली. या प्रत्येक क्रियेला पॉइंट लावता येतात. पान उघडून विद्यार्थ्यानं ते वाचलं की चहा करायला गेला, हे यंत्राच्या नोंदीत येत नाही. म्हणूनच अशा प्लगइनमध्ये तेच पान पुन्हा पुन्हा उघडून पॉइंट गोळा करणाऱ्यांना रोखण्यासाठी वेगळी सोय ठेवावी लागते: अमुक वेळात तीच क्रिया पुन्हा केली तर पॉइंट नाहीत. ही सोय ठेवावी लागली, यातच पॉइंट कशाचे मिळतात ते उघड होतं.

म्हणून एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लँडर्स यांनी २०१४ मध्ये तो सिद्धांताच्या रूपात मांडला. खेळातले घटक थेट काही शिकवत नाहीत. ते फक्त वागणूक बदलतात. शिकणं घडतं ते त्या बदललेल्या वागणुकीतून, आणि तेही ती वागणूक मुळात शिकवणारी असेल तर. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवण्याला बॅज लावला तर व्हिडिओ शेवटपर्यंत चालतील. त्यातून शिकणं वाढेल की नाही हे विद्यार्थी तेव्हा काय करत होता यावर ठरेल.

डेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हीच साखळी तपासून पाहिली. या वेळी ७०१ विद्यार्थी होते आणि काम होतं परीक्षेच्या तयारीसाठी स्वतःची चाचणी घेण्याचं. ही क्रिया त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. धडा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून उत्तर आठवण्याचा प्रयत्न केला तर ते जास्त काळ लक्षात राहतं, हे स्मरणशक्तीच्या संशोधनात पक्कं झालेलं आहे. म्हणजे इथे मोजली जाणारी क्रिया स्वतःच शिकवणारी होती. काहींना पॉइंट दिले, काहींना बॅज, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. बॅज मिळणाऱ्यांनी स्वतःहून जास्त चाचण्या सोडवल्या, आणि त्या जास्तीच्या सरावामुळे त्यांचे परीक्षेतले गुणही वाढले. गेमिफिकेशनच्या बाजूनं मांडता येईल असा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

पण त्यातही एक तळटीप आहे. बॅजचा परिणाम सगळ्या वर्गावर सारखा पसरलेला नव्हता. तो तुलनेनं लहान अशा एका गटात विशेष ठळक होता. काही मुलांना बॅज दिसला की चैन पडत नाही, ती सगळे मिळवूनच थांबतात. इतर अनेकांच्या सरावात फारसा फरक पडत नाही. सरासरी काढली की हे दोन्ही मिसळतात आणि 'वर्गाचा सहभाग वाढला' असं वाक्य तयार होतं. महाविद्यालयाच्या अहवालात ते छान दिसतं. ज्यांना खरोखर हात देण्याची गरज होती, ती शेवटच्या बाकावरची, तिसऱ्या आठवड्यापासून लॉगिन बंद केलेली मुलं त्या वाक्यात आहेत की नाहीत, हे सरासरीतून कळत नाही. प्राध्यापकांनी सरासरीऐवजी एकेका विद्यार्थ्याची ओळ पाहावी, असा माझा आग्रह आहे.

आता वेळेचा मुद्दा. विद्यापीठाचं सत्र तीन-चार महिन्यांचं असतं, आणि गेमिफिकेशनवरचे पुष्कळ अभ्यास त्याहून खूप छोटे असतात. दोन-तीन आठवड्यांत नवलाई ओसरलेली नसते, त्यामुळे निष्कर्ष उजळ दिसतात. ब्राझीलमध्ये लुईझ रोड्रिगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रामिंग शिकणाऱ्या ७५६ विद्यार्थ्यांच्या नोंदी पूर्ण १४ आठवडे पाहिल्या आणि २०२२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. विद्यार्थी किती गणितं सोडवायला घेतात, व्यवस्थेत किती वेळ घालवतात, किती वेळा येतात, हे त्यांनी तपासलं. सुरुवातीचा चांगला परिणाम साधारण चार आठवड्यांनंतर घसरू लागला. ही घसरण दोन ते सहा आठवडे चालली. हे अपेक्षितच होतं. अनपेक्षित होतं ते पुढचं. सहा ते दहा आठवड्यांनंतर परिणाम पुन्हा थोडा सावरला. संशोधकांच्या मते तोवर विद्यार्थ्यांना त्या रचनेची सवय झाली होती, ती कशी वापरायची ते कळलं होतं.

या आलेखातून शिक्षकानं काय घ्यायचं? माझ्या मते दोन गोष्टी. पहिल्या महिन्यातल्या आकड्यांवर विसंबून कौतुकाचा ठराव करू नये. आणि सत्राच्या मधला, पाचव्या ते नवव्या आठवड्याच्या आसपासचा पट्टा मुद्दाम राखून ठेवावा. तो एरवीही अवघडच असतो. अंतर्गत परीक्षा, सबमिशन, सणाच्या सुट्ट्या, घरी जाणं सगळं त्याच सुमारास येतं. बॅजची नवलाई नेमकी तेव्हाच उतरलेली असते. अशा वेळी आणखी एक नवा बॅज काढण्याचा मोह होतो. त्यानं आलेख पंधरा दिवस वर जाईल आणि पुन्हा खाली येईल. त्या पट्ट्यात उपयोगी पडतो तो माणसाचा हस्तक्षेप: कोणीतरी नाव घेऊन विचारणं, चुकलेल्या उत्तरावर दोन ओळी लिहिणं.

इथवर गेमिफिकेशन 'पुरत नाही' एवढंच म्हटलं. काही वेळा ते नुकसानही करतं. अमेरिकेत मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकच अभ्यासक्रम दोन वर्गांना शिकवला गेला. एका वर्गात बॅज आणि लीडरबोर्ड होते, दुसऱ्यात नव्हते. १६ आठवड्यांच्या सत्रात विद्यार्थ्यांना चार वेळा प्रश्नावली दिली गेली. लीडरबोर्डच्या वर्गातल्या मुलांची विषयाबद्दलची आतली ओढ आणि समाधान दुसऱ्या वर्गाच्या तुलनेत काळाबरोबर कमी होत गेलं. अंतिम परीक्षेतही ती मागे पडली, आणि त्याचा धागा त्या कमी झालेल्या ओढीशी जुळत होता. या अभ्यासाला मर्यादा आहेत. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, वर्ग दोनच होते. तरी सत्रभर पुन्हा पुन्हा विचारून केलेला असल्यानं तो दुर्लक्षण्यासारखा नाही.

यामागचं मानसशास्त्र जुनं आहे. १९७१ साली एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोमा नावाचं कोडं सोडवायला दिलं. सात तुकडे जुळवून वेगवेगळे आकार करायचे असं ते कोडं. तीन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला. तिसऱ्या बैठकीत कोणालाच काही नाही. दर बैठकीत मध्येच प्रयोगकर्ता काही निमित्तानं आठ मिनिटं खोलीबाहेर जाई. खोलीत मासिकंही ठेवलेली असत. कोणी पाहत नाही असं वाटत असताना, काही मिळणार नसताना विद्यार्थी कोड्याला किती वेळ हात लावतो, हे खरं माप होतं. डॉलर मिळालेल्या गटाचा तिसऱ्या बैठकीतला वेळ घटला. पुढे १९९९ मध्ये डेसी, कोएस्टनर आणि रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झालं. काम केल्याबद्दल, पूर्ण केल्याबद्दल मिळणारं ठरलेलं, आधीच माहीत असलेलं वस्तुरूप बक्षीस आतली ओढ कमी करतं. उलट, 'हे तुला चांगलं जमलं' असा मोकळा शाब्दिक प्रतिसाद ती वाढवतो.

बॅज या दोहोंच्या मधे कुठेतरी उभा असतो. तो काय सांगतो यावर त्याचा परिणाम ठरतो. 'तू पन्नास व्हिडिओ पाहिलेस' असं सांगणारा बॅज हा मजुरीचा हिशेब आहे. 'मागच्या महिन्यात तुला पुनरावर्तनाची गणितं येत नव्हती, आता येतात' असं सांगणारा बॅज ही माहिती आहे, आणि ती विद्यार्थ्याला स्वतःबद्दल काहीतरी खरं सांगते. लीडरबोर्ड यातलं दुसरं काम जवळजवळ कधीच करत नाही. ऐंशी जणांच्या वर्गात त्रेसष्टाव्या क्रमांकावरच्या मुलीला त्यातून एवढंच कळतं की बासष्ट जण पुढे आहेत. तिनं या आठवड्यात काय नवं शिकलं ते त्यात कुठेच नसतं. दर आठवड्याला हे पाहायला तिनं का परत यावं?

आता आपल्याकडे येऊ. आपल्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांत गेमिफिकेशन हा शब्द फारसा ऐकू येत नाही, पण त्याचा एक प्रकार रोजच्या वापरात आहे. आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या 'एनपीटीईएल' अभ्यासक्रमांचं प्रमाणपत्र ४० ते ५९ गुणांना साधं असतं, ६०च्या पुढे 'एलिट', ७५च्या पुढे 'एलिट सिल्व्हर', ९०च्या पुढे 'एलिट गोल्ड'. वर टॉपरांच्या याद्या असतात. 'स्वयम'वरचे अभ्यासक्रम पदवीच्या श्रेयांकात धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत वाढवली, तेव्हापासून पुणे-मुंबईपासून नांदेड-जळगावपर्यंत विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये सिल्व्हर-गोल्डची चर्चा चालते, लिंक्डइनवर प्रमाणपत्रं झळकतात.

या रचनेची आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. साधारणपणे साप्ताहिक असाइनमेंटना २५ गुण आणि केंद्रावर जाऊन देखरेखीखाली द्यायच्या परीक्षेला ७५. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत, दोन्ही स्वतंत्रपणे. आता असाइनमेंटची उत्तरं दर आठवड्याला यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर फिरतात, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे आणि प्राध्यापकांनाही. समजा एका मुलानं ती उतरवून २५ पैकी २४ मिळवले. दुसऱ्यानं स्वतः धडपडून १७ मिळवले. एलिटसाठी, म्हणजे ६० साठी, पहिल्याला परीक्षेत ३६ लागतात, दुसऱ्याला ४३. म्हणजे उतरवण्याचा सगळा फायदा सात गुणांचा. उत्तीर्ण होण्यापुरता तर तोही नाही, कारण ३०ची अट दोघांनाही सारखीच आहे.

पण बारा आठवडे उत्तरं उतरवणाऱ्यानं बारा आठवड्यांचा सराव गमावलेला असतो. तो परीक्षेत ३३ वर अडकला तर एकूण ५७ होतात आणि एलिट हुकतं. दुसऱ्यानं तिथे ५२ मिळवले तर एकूण ६९. कागदावर दोघांच्या असाइनमेंट पाहिल्या तर पहिला हुशार दिसेल. फसगत ओळखायची तर टक्केवारी शेजारी ठेवावी. पहिल्याची असाइनमेंट ९६ टक्के आणि परीक्षा ४४ टक्के. दुसऱ्याची ६८ आणि जवळपास ६९. पहिल्या ओळीतली दरी हीच खूण आहे. सत्र चालू असतानाही अशा खुणा दिसतात: दहा प्रश्नांची असाइनमेंट दोन मिनिटांत पूर्ण होते, सगळी सबमिशन शेवटच्या संध्याकाळी येतात, एकही व्हिडिओ न उघडता उत्तरं बरोबर असतात. ठरावीक उंबरठा गाठला की काम अचानक थांबतं, ही आणखी एक खूण. 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या नोंदी पाहून संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की बॅज जवळ येईल तसा लोकांचा त्या कामातला उत्साह चढत जातो आणि बॅज मिळताच उतरतो. ज्या अभ्यासक्रमात सहभागाचा आलेख असा उंबरठ्याला चिकटलेला दिसेल, तिथे विद्यार्थी विषयामागे नसून उंबरठ्यामागे आहेत असं समजावं.

एनपीटीईएलच्या रचनेचं मला मोल वाटतं ते मात्र सिल्व्हर-गोल्डसाठी नाही. तिच्यात दोन गोष्टी शहाणपणानं ठेवलेल्या आहेत. एक म्हणजे जे सहज मोजता येतं आणि सहज उतरवता येतं त्याला चौथा हिस्साच वजन आहे, आणि जिथे विद्यार्थ्याला एकट्यानं डोकं चालवावं लागतं त्याला तीन हिस्से. दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बाराही असाइनमेंट धरत नाहीत, त्यांतल्या सर्वोत्तम आठ धरतात. म्हणजे चार आठवडे वाया गेले तरी चालतात.

स्ट्रीकची रीत याच्या अगदी उलट असते. सलग चाळीस दिवस आलात, एकेचाळिसाव्या दिवशी ताप आला, की आकडा शून्यावर. तोवरची मेहनत ज्ञानाच्या हिशेबात तशीच असते, पण पडद्यावर ती नाहीशी होते, आणि 'आता कशाला' म्हणत विद्यार्थी जातो तो जातोच. गावी शेतीची कामं असलेला, अर्धवेळ नोकरी करणारा, वसतिगृहातल्या एकाच वायफायवर अवलंबून असलेला विद्यार्थी सलगता राखू शकत नाही. त्याला परतीची वाट हवी असते. बारातल्या आठचा नियम ती वाट ठेवतो. पाचव्या ते आठव्या आठवड्यात गायब झालेला विद्यार्थी नवव्या आठवड्यात परत आला, तर त्याला अजून पूर्ण गुण मिळवता येतात.

त्याला हे कोणीतरी सांगावं मात्र लागतं. महाविद्यालयांत या अभ्यासक्रमांसाठी नेमलेले मार्गदर्शक प्राध्यापक असतात. बहुतेक ठिकाणी त्यांचं काम नोंदणी, परीक्षा शुल्क आणि प्रमाणपत्रांच्या याद्या यांतच संपतं. त्यांनी सातव्या आठवड्यात थांबलेल्या मुलांची यादी काढावी, प्रत्येकाला बोलावून 'तुझ्या तीन झाल्या आहेत, अजून पाच हव्यात, पाच आठवडे उरलेत' असं सांगावं, आणि मग एकाच असाइनमेंटमधला एकच प्रश्न घेऊन त्याचं उत्तर तेच का, हे फळ्यावर मांडायला लावावं. दहा मिनिटांचं काम आहे. कोणी उतरवलंय तेही त्यातच कळेल, कोण कुठे अडलंय तेही.